वाळा समजून मागवला, निघाला लिंबू-मिरी: न हुंगता परफ्यूम घ्यायचा तर नेमकं काय वाचायचं?

मुक्ता_नाशिक

उन्हाळ्यात आजी माठात वाळ्याची जुडी सोडायची. त्या पाण्याचा वास मला आजही जगातला सगळ्यात थंड वास वाटतो. तोच वास अंगावर हवा म्हणून गेल्या महिन्यात ऑनलाइन परफ्यूम शोधायला बसले. लोक परफ्यूमबद्दल मतं देतात अशा एका साइटवर एका बाटलीच्या नोट्समध्ये, म्हणजे वासांच्या यादीत, ‘व्हेटिव्हर’ दिसलं. व्हेटिव्हर म्हणजे वाळा हे माहीत होतं. ५ पैकी ४.३ रेटिंग, टिकण्याबद्दल बहुतेकांचं मत ‘दीर्घकाळ’, खाली दोनशेच्या वर प्रतिसाद. १०० मिलीची बाटली ३६०० रुपयांना मागवली.

आली, फवारली. पहिला अर्धा तास ग्रेपफ्रूट आणि काळी मिरी. मग कोरड्या लाकडासारखं काहीतरी, पेन्सिल तासल्यावर येतो तसं. दोन तासांनी काहीच नाही. वाळा एक क्षणही भेटला नाही. सील फोडलेली बाटली परत घेत नाहीत, त्यामुळे ती आता कपाटात आहे.

यादी अशी होती. वर, म्हणजे आधी येणारे वास, ग्रेपफ्रूट, बर्गमॉट, मिरी. मधे व्हेटिव्हर, जिरेनियम. तळाला, म्हणजे शेवटपर्यंत राहणारे, सीडर, अंबर, मस्क. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बाटली खोटी आहे की माझंच वाचणं चुकलं, हेच मला कळलेलं नाही. पुढच्या वेळी ही यादी, लोकांची मतं आणि टिकण्याचे आकडे कसे वाचायचे? आमच्या इथे हुंगून बघता येईल असं दुकान नाही.

रोहित८८

सोपं आहे. तुम्ही ओ द टॉयलेट घेतला असणार. त्यात अर्क कमी असतो, दोन तासांत उडतो. नेहमी ओ द पार्फम घ्या, जमलं तर एक्स्ट्रे. जितका अर्क जास्त तितका वेळ जास्त. माझ्याकडे सगळे ओ द पार्फम आहेत, आठ तास कुठे जात नाहीत.

मंगलमावशी

मुक्ता, वाळा ऑनलाइन कशाला मागवतेस? पूजेच्या सामानाच्या दुकानात जुडी मिळते. आणल्यावर दोन पाण्यांनी धुवायची, माती निघते, मग मलमलच्या फडक्यात बांधून माठात सोडायची. दोन दिवसांनी उन्हात वाळवून परत वापरायची. वास गेला की बदलायची. बाटलीतला वास पाण्यात घालू नकोस गं बाई.

मुक्ता_नाशिक

मावशी, माठात वाळा आहेच. मला अंगाला लावायला हवा आहे. :)

रोहित, बाटलीवर ओ द पार्फमच लिहिलंय.

गंधकोशी

मुलुंडच्या एका सुगंधी रसायनांच्या लॅबमध्ये माझी तीस वर्षं गेली. वासाच्या पट्ट्या हुंगणं हेच काम होतं. आधी दोन प्रश्न. दोन तासांनी वास गेला हे तुम्हीच ठरवलंत, की घरात दुसऱ्या कुणाला विचारलंत? आणि हुंगलंत कुठे, मनगटावर की कपड्यावर?

तोवर यादीबद्दल सांगतो, कारण पहिली गल्लत तिथेच झाली आहे. नोट्सची यादी म्हणजे बाटलीत काय घातलं त्याची यादी नव्हे. बनवणाऱ्याला तुमच्या डोळ्यांसमोर जे उभं करायचं असतं, ते त्यात लिहिलेलं असतं. एक उदाहरण देतो. एर्मेसचा ‘तेर द’एर्मेस’ २००६ साली ज्याँ-क्लोद एलेना यांनी केला. त्याच्या नोट्समध्ये संत्रं, ग्रेपफ्रूट, मिरी, व्हेटिव्हर, सीडर यांच्याबरोबर ‘फ्लिंट’ आहे. फ्लिंट म्हणजे गारगोटी. गारगोटीचं तेल कुणी काढू शकत नाही. दगडावर दगड घासल्यावर येणाऱ्या वासाची आठवण व्हावी म्हणून तो शब्द तिथे आहे. तो वास उभा करणारी रसायनं वेगळीच असतात आणि यादीत ती बहुधा नसतात. याच परफ्यूममध्ये आयसो ई सुपर नावाचं लाकडाच्या वासाचं रसायन भरपूर आहे. नोट्सच्या चित्रात लोक ते शोधतात आणि त्यांना सीडर लिहिलेलं सापडतं.

आता वाळा. तुमच्या माठातला वाळा हा आपल्याकडचा. उत्तर भारतात तांब्याच्या डेगेत त्याचं रूह, म्हणजे शुद्ध तेल, काढतात, ते हिरवट, ओल्या मातीचं, जड असतं. पाश्चात्त्य परफ्यूममध्ये बहुतेक वेळा हैतीचं तेल असतं. ते जास्त स्वच्छ, कोरडं, थोडं ग्रेपफ्रूटकडे झुकणारं असतं. जावाचं तेल धुरकट. शिवाय तेलावर प्रक्रिया करून मातीचा भाग कमी केलेला व्हेटिव्हरिल ॲसिटेट वापरतात, त्यात माठ सापडणं कठीणच. यादीत या सगळ्यांसाठी शब्द एकच, व्हेटिव्हर. तुमच्या यादीत वर ग्रेपफ्रूट-मिरी आणि तळाला सीडर-अंबर आहे, म्हणजे व्हेटिव्हर त्या दोघांना जोडायला घेतलेला आहे. मी ती यादी वाचली असती तर माठ नाही, इस्त्री केलेला पांढरा शर्ट डोळ्यांसमोर आला असता.

रोहित, अर्काचं प्रमाण महत्त्वाचं आहे, पण तुमचं गणित अर्धंच आहे. स्पिरिटमध्ये किती तेल आहे ते त्यावरून कळतं, कोणतं तेल आहे ते कळत नाही. लिंबाच्या सालीचं तेल वीस टक्के घातलं तरी ते तासाभरात उडणार, कारण त्याचे रेणू हलके. ॲम्ब्रॉक्सान हे अंबरच्या वासाचं जड रसायन पाच टक्के असलं तरी दुसऱ्या दिवशी शर्टाच्या कॉलरला असतं. शिवाय एकाच नावाचे ओ द टॉयलेट आणि ओ द पार्फम बरेचदा दोन वेगळ्या पाककृती असतात. दुसरा म्हणजे पहिलाच घट्ट केलेला, असं समजून घेऊ नका.

रोहित८८

हे माहीत नव्हतं. पण माझे ओ द पार्फम टिकतात हे तर खरं ना?

गंधकोशी

खरं असणार. तुम्ही ऊद, व्हॅनिला, अंबर असे तळाचे जड वास निवडत असाल. ते टिकतात त्यांच्या स्वभावामुळे, लेबलमुळे नाही.

दुबईकर_सचिन

टिकण्याच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण त्यात मी बरेच पैसे घालवले आहेत. त्या साइटवर मत देणारा माणूस कुठे राहतो ते आकड्यात दिसत नाही. मी इथे जुलैमध्ये पार्किंगपासून ऑफिसपर्यंत चालतो, ४५ अंश. लिंबूवर्गीय परफ्यूम गाडीत लावला तर लिफ्टमध्ये संपलेला असतो. तोच परफ्यूम टोरांटोतला माझा मेहुणा जानेवारीत स्वेटरखाली लावतो आणि ‘दहा तास’ असं मत देतो. दोघांचं मत एकाच सरासरीत जातं.

आणि मत देतो कोण? ज्याला तो परफ्यूम आवडला आहे आणि ज्याने पैसे मोजले आहेत, तो जास्त. त्यामुळे मी आता आकडा बघत नाही, प्रतिसादातली गोष्ट बघतो. ‘मुंबईत, मे महिन्यात, लोकलने गेलो, दुपारच्या डब्यापर्यंत होता’ असं कुणी लिहिलं असेल तर ते एक वाक्य मला पाचशे मतांपेक्षा जास्त सांगतं.

मुक्ता_नाशिक

गंधकोशी काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला काल नीट प्रयोग केला. सकाळी आठला डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोन फवारे, जुन्या सुती ओढणीच्या टोकाला दोन. ओढणी खुंटीवर. नऊ, बारा, चार आणि आठ वाजता मी आणि नवरा, दोघांनी हुंगून कागदावर लिहायचं, एकमेकांचं न बघता.

नऊ वाजता दोघांनी मिरी आणि लाकूड लिहिलं. बारा वाजता मी ‘काही नाही’ लिहिलं, त्याने ‘लाकूड, साबण, स्पष्ट’. चार वाजता मी परत ‘काही नाही’, त्याने ‘हातावर हलका, ओढणीवर चांगला’. मग मी भाजी आणायला गेले, तासाभराने परत आले आणि दारातून आत पाऊल टाकताच ओढणीचा वास आला. अगदी स्पष्ट! आठ वाजता हातावर दोघांनाही काही नाही, ओढणीवर दोघांनाही आहे.

म्हणजे वास गेलाच नव्हता? मग मला का येत नव्हता?

गंधकोशी

छान प्रयोग केलात, यातून बरंच कळतं. बाटली खोटी असण्याची शक्यता माझ्या मते आता बरीच कमी आहे. स्वस्तातल्या नकलेत तळच नसतो, ती ओढणीवर रात्रीपर्यंत थांबत नाही.

तुमचं नाक थकलं होतं. सतत समोर असलेला वास मेंदू बाजूला टाकतो. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तसंच. बाहेर जाऊन आलात आणि तो परत आला. काही रसायनांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. आयसो ई सुपर आणि ॲम्ब्रॉक्सान लावलेल्या माणसाला ते मधेच दिसेनासे होतात आणि मधेच परत येतात. आणि काही माणसांना काही मस्क जवळजवळ येतच नाहीत, जन्मजात. लॅबमध्ये आमच्या एका अतिशय कुशल सहकाऱ्याला एक मस्क कधीच आला नाही. त्या पट्ट्या ते दुसऱ्याकडून हुंगून घ्यायचे.

म्हणून टिकण्याच्या मतांची सरासरी बघू नका, त्यांची मांडणी बघा. ‘फार कमी’ पासून ‘अखंड’ पर्यंत किती जणांनी काय म्हटलं, त्या पट्ट्या साइटवर दिसतात. मतांचा एकच ढीग ‘मध्यम’ वर असेल तर तो आकडा बराचसा विश्वासाचा. पण एक ढीग ‘फार कमी’ वर आणि दुसरा ‘दीर्घकाळ’ वर असेल, तर दोन्ही बाजूंचे लोक बहुधा खरं बोलत असतात. एका गटाच्या नाकाला तो येत नाही. किंवा दोन गटांकडे दोन वेगवेगळ्या काळातल्या बाटल्या आहेत.

कारण पाककृती बदलतात. लिलिअल नावाचं लिली ऑफ द व्हॅली या फुलाच्या अंगाचं, स्वच्छ वासाचं रसायन युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांमध्ये १ मार्च २०२२ पासून बंद केलं. ज्या परफ्यूममध्ये ते होतं, त्यांना नवीन काहीतरी शोधावं लागलं. नाव तेच, बाटली तीच. २०१५ मधला सुंदर प्रतिसाद वाचून आज बाटली घेतलीत, तर तो प्रतिसाद कदाचित दुसऱ्याच द्रवाबद्दल आहे. मी आधी गेल्या दोन वर्षांतलेच प्रतिसाद वाचतो.

अनघा_प

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? मला अर्धशिशी आहे. ऑफिसमध्ये एकजण काहीतरी ‘निळ्या बाटलीतलं’ लावून येतो आणि लिफ्टमध्ये माझं डोकं उठतं. मोगरा, चंदन यांनी काही होत नाही. न हुंगता मागवायचं तर कोणती नोट टाळायची?

दुबईकर_सचिन

निळ्या बाटलीतले बरेच ॲम्ब्रॉक्सानवर उभे असतात. यादीत ॲम्ब्रॉक्सान किंवा ‘अंबरवुड’ दिसलं तर थांबा.

गंधकोशी

सचिनचा अंदाज बरोबर असू शकतो, पण खात्री देता येत नाही. यादीत न लिहिताही ते असतं. अनघाताई, ‘टोचतो’, ‘डोक्यात जातो’, ‘नाकात सुई’ असे शब्द कुणी लिहिलेत का ते नाराज प्रतिसादांत शोधा. पण तुमच्यासारख्यांनी न हुंगता मोठी बाटली घेऊच नये असं मला मनापासून वाटतं.

फिरस्ता

सगळे एक विसरताय. नवीन बाटली आली की दहा फवारे मारून तीन-चार आठवडे अंधारात ठेवायची. आत हवा जाते, परफ्यूम मुरतो आणि वास दुप्पट होतो. मी स्वतः अनुभवलंय. मुक्ता, कपाटातली बाटली महिन्याने काढून बघ.

गंधकोशी

मुरवणं हे कारखान्यात होतं, बाटलीत भरण्याआधी. घरी ठेवून दुप्पट होतो हे मी कधी मोजलेलं नाही. महिन्याभराने आपलं नाकच त्या वासाला ओळखू लागतं, हे कारण मला जास्त पटतं.

फिरस्ता

पण मी एकटा नाही, कितीतरी लोक हेच सांगतात. मेमध्ये कुरिअरच्या गाडीत तापलेली बाटली आठवडाभर ठेवल्यावर सुधारली, हे तर माझ्या बायकोनेही मान्य केलं.

मुक्ता_नाशिक

फिरस्ता, ठेवून बघते, त्यात खर्च काही नाही. फक्त परत करायची मुदत असेल तेव्हा ठेवत बसणार नाही.

आता पुढचं पाऊल. काका, खऱ्या वाळ्याच्या जवळ जाणारे दोन-तीन सांगाल का? आणि ते विकत न घेता कसे तपासू?

गंधकोशी

तीन नावं देतो, तिन्हींच्या यादीत व्हेटिव्हर आहे आणि तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत. एक तेर द’एर्मेस, वर लिहिलंच. दुसरा गेर्लाँचा ‘व्हेटिव्हर’, जुना, ज्याँ-पॉल गेर्लाँ यांचा, त्यात लिंबू, गवत आणि तंबाखू आहे. तिसरा लालीकचा ‘आँक्र न्वार’, २००६ चा, नाताली लोरसाँ यांनी केलेला. यादी अगदी छोटी, सायप्रस, व्हेटिव्हर, ‘कॅशमीर वुड’ म्हणून लिहिलेलं काहीतरी आणि मस्क. नाव म्हणजे काळी शाई.

बाटल्या घेऊ नका. २ मिलीचे डीकँट, म्हणजे मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढून विकलेले नमुने, घ्या. एक फवारा साधारण ०.१ मिलीचा, म्हणजे वीसेक फवारे. तीन-चार दिवस नीट लावून बघायला पुरतात, आणि एक दिवस पुरत नाही. मागवण्याआधी एक काम करा. तुमच्याकडची कपाटातली बाटली त्या साइटवर शोधा आणि तुम्हाला जसा वास आला तसाच ज्याने लिहिलाय, ‘मिरी, पेन्सिल, दोन तासांनी गायब’, असे चार-पाच लोक काढा. मग त्याच लोकांनी या तिघांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. त्यांचं नाक तुमच्या नाकाच्या जवळचं आहे. चुकलेल्या खरेदीचा एवढा उपयोग करून घ्या.

फिरस्ता

पण डीकँटवाल्याने आत काय भरलंय कोणी सांगावं? बाटलीवर निदान बॅच नंबर तरी असतो, खोक्यावरचा आणि काचेवरचा जुळवता येतो.

दुबईकर_सचिन

हा मुद्दा खरा आहे. मी फक्त अशा माणसाकडून घेतो जो मूळ बाटलीचा फोटो बॅच नंबरासकट टाकतो. तरी शंभर टक्के खात्री नाहीच.

मुक्ता_नाशिक

तीन आठवड्यांनी परत आले. डीकँट मागवले, तीन मिळून साडेनऊशे रुपये. प्रत्येक तीन दिवस, तोच हात आणि ओढणीचा प्रयोग, नवऱ्याचा कागद वेगळा.

माझ्यासारखं नाक असलेले चार जण सापडले होते. त्यातल्या तिघांनी तेर द’एर्मेसबद्दल लिहिलं होतं की मधेच येईनासा होतो. माझं अगदी तेच झालं. नवऱ्याला संध्याकाळी सहापर्यंत येत होता आणि त्याला तो फार आवडला. म्हणजे हा त्याच्यासाठी. मी लावून उपयोग नाही, मलाच कळणार नाही.

गेर्लाँचा मला सकाळी सुंदर वाटला. कोवळं गवत, लिंबाची साल, आजोबांच्या चंचीसारखं थोडं काहीतरी. अकराला हातावरून गेला, ओढणीवर दुपारपर्यंत. इथे दोघांचेही कागद जुळले, म्हणजे हा खरोखर गेला.

आणि आँक्र न्वार. पहिला अर्धा तास मी घाबरलेच, इतका गडद. पावसानंतरच्या देवराईत शिरल्यासारखं, खाली कुजलेली पानं, वर ओलं खोड. पण दुपारी दोनच्या सुमारास शाळेतून घरी आले, हात धुतले, तोंड पुसायला मनगट नाकाजवळ गेलं आणि तिथे मूळ होतं. वाळ्याचं, ओलं. माठ नव्हता, पण माठात सोडण्याआधी मावशी सांगतात तशी धुतलेली जुडी होती. मला ते संध्याकाळी पाचपर्यंत येत होतं, नवऱ्याला सातपर्यंत.

त्याला मात्र तो अजिबात आवडत नाही. तळघरासारखा वाटतो म्हणे.

मंगलमावशी

मुक्ता, मग कन्नौजचं वाळ्याचं अत्तर का नाही बघत? आमच्या सासऱ्यांकडे असायचं. कानामागे फाया ठेवला की दुपारची झोप लागायची. त्यात लिंबू-मिरी काही नसतं.

गंधकोशी

मावशींचं बरोबर आहे, माठाच्या सर्वांत जवळ तेच जाईल. फक्त मुक्ता, वाळ्याचं शुद्ध रूह महाग असतं. फारच स्वस्त मिळालं तर त्यात पॅराफिनसारखं पातळ करणारं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता धरा. तेही आधी १-२ मिलीच घ्या, आणि दरवळ कमी असेल हे गृहीत धरा, स्पिरिट नसल्यामुळे ते अंगाजवळच राहतं.

एक सांगा, हे सगळे प्रयोग नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात झाले ना? आँक्र न्वार दमट हवेत जास्त पसरतो असा माझा अनुभव आहे. बाटली घ्यायच्या आधी पावसात एकदा लावून बघा.

मुक्ता_नाशिक

हो, सगळे मेमधलेच. डीकँटमध्ये अजून सात-आठ फवारे आहेत. अत्तराची १ मिलीची कुपी आजच मागवली. जूनच्या शेवटी पाऊस लागला की एका हाताला हे आणि दुसऱ्याला ते लावते आणि इथेच लिहिते. तोवर नवऱ्याला खोलीबाहेर बसवावं लागणार.